तळापासून टाकलेली सरासरीची रेघ: तेजीतल्या शेअरमध्ये पुलबॅकला अँकर्ड व्हीवॅपवर खरेदी कशी करायची

बेळगावच्या एपीएमसीत रताळ्याची आवक सुरू झाली, की अडत्याला एकच आकडा मनात धरावा लागतो: हंगाम सुरू झाल्यापासून आपला माल सरासरी काय भावाने पडला? समजा सोमवारी 100 पोती 1000 रुपयांनी घेतली आणि बुधवारी 400 पोती 1200 रुपयांनी. दोन भावांची साधी सरासरी 1100 येते, पण ती काही कामाची नाही. खिशातून गेले 5,80,000 आणि पोती आली 500, म्हणजे पोतं पडलं 1160 ला. बाजार 1160 च्या वर आहे तोवर अडत्या निवांत असतो. भाव 1160 वर उतरला, की तो मोबाईल हातात घेतो.

व्हीवॅप म्हणजे हेच पडतळ, शेअरच्या बाजारातलं. प्रत्येक दिवसाच्या भावाला त्या दिवशीच्या उलाढालीने, म्हणजे किती शेअर फिरले त्या संख्येने, गुणायचं, सगळं बेरजेत घ्यायचं आणि एकूण उलाढालीने भागायचं. चार्टवर नेहमी दिसणारा व्हीवॅप रोज सकाळी सव्वानऊला शून्यापासून सुरू होतो आणि साडेतीनला संपतो. अँकर्ड व्हीवॅपमध्ये सुरुवातीचा दिवस आपण ठरवतो. ही कल्पना ब्रायन शॅनन यांनी ट्रेडर लोकांत रुजवली. अँकर कुठेही लावता येतो: निकालाच्या दिवशी, गॅपच्या दिवशी, वर्षाच्या पहिल्या दिवशी. इथे फक्त एकच वापर घेतला आहे: वर जाणाऱ्या शेअरच्या स्विंग लोवर, म्हणजे उतार जिथे थांबला त्या तळावर, अँकर लावायचा आणि भाव त्या रेघेपर्यंत परत आला की खरेदीची संधी शोधायची.

हे सगळं डेली चार्टवर आणि डिलिव्हरीच्या खरेदीसाठी आहे. निपाणी-चिकोडीतला दुकानदार किंवा उद्यमबागेत शिफ्ट करणारा माणूस दिवसभर स्क्रीनसमोर बसू शकत नाही. या पद्धतीला संध्याकाळची वीस मिनिटं पुरतात.

अँकर लावण्याआधी

पहिलं काम रेघेचं नाही, तेजी खरी आहे का हे बघण्याचं. दोन गोष्टी पुरे: शेवटचे दोन तळ चढत्या क्रमाने असावेत, शेवटची दोन शिखरंही तशीच, आणि 50 दिवसांची साधी सरासरी वर झुकलेली असावी, भाव तिच्या वर असावा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर पुढे वाचायची गरज नाही, दुसरा शेअर बघा.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "अँकर्ड व्हीवॅपची रेघ चढती आहे, म्हणजे तेजी आहे" असं लोक म्हणतात. हिशेब करून बघा. त्या दिवसाचा भाव रेघेच्या वर असेल तर रेघ वर सरकणारच, भाव खाली असेल तर खाली. म्हणजे पुलबॅक, तेजीतला तात्पुरता उतार, चालू असतानाही, भाव रोज पडत असतानासुद्धा, तो रेघेच्या वर आहे तोवर रेघ चढतच राहते. तिची चढण हा वेगळा पुरावा नाही, भाव वर असल्याचीच ती दुसरी नोंद आहे. म्हणून तेजीचा दाखला 50 दिवसांच्या सरासरीकडून आणि तळ-शिखरांकडून घ्यायचा.

दुसरं काम म्हणजे तळ पक्का झाला का ते ठरवणं. तळ त्या दिवशी ओळखता येत नाही, नंतर कळतो. नियम असा ठेवा: आधीच्या शिखराच्या वर डेली क्लोज मिळाला, तरच मधला तळ "स्विंग लो" धरायचा. त्या दिवसापर्यंत रेघ काढायचीच नाही. जुन्या चार्टवर ही पद्धत तपासताना बहुतेक जण इथेच फसतात. तळावरून रेघ ओढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच भाव रेघेला टेकून उसळलेला बघून खूश होतात. पण त्या तिसऱ्या दिवशी तो तळ आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं. तपासताना तळ पक्का झाल्याच्या तारखेच्या आधीचा एकही स्पर्श मोजू नका. निकाल बऱ्यापैकी उतरतील, पण खरे असतील.

अँकर सर्वांत कमी लो असलेल्या कँडलवर लावायचा, सर्वांत कमी क्लोज असलेल्या कँडलवर नाही. दोन तळ जवळजवळ सारखेच आले तर दोन्हींवर रेघ टाका आणि त्यांच्यामधल्या पट्ट्याला आधार माना. दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगमध्ये तळ पडला असेल तर तो सोडून शेजारच्या पूर्ण दिवसावर अँकर लावा. त्या तासाभराच्या सत्रात उलाढाल इतकी थोडी असते की रेघेत फरक जवळपास पडत नाही, आणि तिथला लो कुणाच्या खऱ्या निर्णयाचा असतोच असं नाही.

रेघ काढणे आणि हिशेब पडताळणे

ट्रेडिंगव्ह्यूवर डाव्या पट्टीतल्या साधनांत `Anchored VWAP` आहे. ते निवडून तळाच्या कँडलवर क्लिक करायचं. सेटिंगमध्ये सोर्स `hlc3` ठेवायचा, म्हणजे हाय, लो, क्लोज यांची सरासरी. सोबत वर-खाली पट्टे आले तर ते बंद करा, या कामात ते नुसते डोळ्यांत खुपतात.

एकदा तरी हा हिशेब स्वतः शीटमध्ये करून बघावा. एक्स्चेंजच्या साइटवरून शेअरचा रोजचा इतिहास उतरवून घ्या. स्तंभ असे ठेवा: A तारीख, B व्हॉल्यूम, C हाय, D लो, E क्लोज. दुसऱ्या ओळीत अँकरचा दिवस.

```
F2: =(C2+D2+E2)/3
G2: =SUMPRODUCT(F$2:F2,B$2:B2)/SUM(B$2:B2)
```

दोन्ही खाली ओढा. G स्तंभ म्हणजेच रेघ. तुमचा आकडा चार्टशी काही पैशांच्या फरकाने जुळला पाहिजे. रुपयांत फरक आला तर तीन ठिकाणी बघा. एक, चार्ट बीएसईचा आणि तुमचा डेटा एनएसईचा असेल: भाव सारखेच पण उलाढाल वेगळी, म्हणून रेघही वेगळी. शेअर दोन्हीकडे असेल तर जिथे जास्त उलाढाल होते तिथला चार्ट धरा. दोन, तुम्ही तासाच्या चार्टवर अँकर लावला असेल. तिथे दिवस सहा-सात तुकड्यांत मोजला जातो, म्हणून आकडा थोडा वेगळा येतो. कुठलाही एक धरा, पण रोज बदलू नका. तीन, मधे बोनस किंवा स्प्लिट झाला असेल. हे सगळ्यांत वाईट, कारण दिसत नाही. 1:1 बोनसनंतर चार्टवर आधीचे भाव निम्मे केले जातात; तसाच आधीचा व्हॉल्यूम दुप्पट व्हायला हवा. काही ठिकाणी भाव दुरुस्त होतो आणि व्हॉल्यूम तसाच राहतो. मग बोनसआधीच्या दिवसांचं वजन निम्म्यावर येतं आणि रेघ नंतरच्या, बहुधा वरच्या, भावांकडे ओढली जाते. बोनसच्या तारखेच्या आगेमागे व्हॉल्यूमचे दांडे अचानक उंच झालेले दिसले तर आधी हे तपासा.

एक शेअर, पंधरा दिवस

पुढचे आकडे नमुन्यासाठी घेतले आहेत, कुठल्याही ठराविक कंपनीचे नाहीत. शेअर तेजीत आहे. आधीचा तळ 388, त्यानंतरचं शिखर 458. तिथून तो उतरून 412 ला थांबला. 412 चा दिवस हा आपला पहिला दिवस.

त्या दिवशी हाय 421, लो 412, क्लोज 418. तिन्हींची सरासरी 417, व्हॉल्यूम 6 लाख. रेघ अर्थातच 417. दुसऱ्या दिवशी सरासरी 424, व्हॉल्यूम 5 लाख, रेघ 420.18. तिसऱ्या दिवशी शेअर जोरात वर गेला: सरासरी 435, व्हॉल्यूम 9 लाख. रेघ एकदम 426.85 वर. इथे एक गोष्ट नजरेत भरते: सुरुवातीला रेघ हलकी असते, मोठ्या व्हॉल्यूमचा एक दिवस तिला सहा-सात रुपये उचलतो.

आठव्या दिवशी क्लोज 461 ला मिळाला, म्हणजे 458 चं शिखर ओलांडलं. आता 412 हा पक्का स्विंग लो झाला. त्या संध्याकाळी पहिल्यांदा रेघ काढायची. दहाव्या दिवशी हाय 476. चौथ्या ते दहाव्या दिवसात मिळून 40 लाख शेअरची उलाढाल सरासरी 455 ने झाली असं धरू. एकूण व्हॉल्यूम 60 लाख, रेघ 445.62.

मग उतार सुरू झाला. अकरा ते चौदा या चार दिवसांच्या सरासऱ्या 466, 459, 453, 449. व्हॉल्यूम 4 लाख, साडेतीन, 3 आणि अडीच लाख. या चार आकड्यांकडे नीट बघा. भाव पडतोय, पण विकणारे दिवसेंदिवस कमी होताहेत. पुलबॅकमध्ये हेच हवं. व्हॉल्यूम उलट 4 वरून 6, 8 लाख असा वाढत गेला असता तर कुणीतरी मोठा बाहेर पडतोय असं समजून ही संधी सोडायची. रेघेने त्याला अडवावं ही अपेक्षा ठेवायची नाही.

चौदाव्या दिवशी हाय 454, लो 445, क्लोज 448. रेघ 447.80. म्हणजे दिवसात भाव रेघेखाली गेला आणि बंद होताना जेमतेम वर आला. 412 पासून ज्यांनी घेतलं त्यांच्या सरासरीवर भाव परत आला. त्यातला सरासरी माणूस ना नफ्यात ना तोट्यात. तेजीवर विश्वास असेल तर तो इथे आणखी घेतो, नसेल तर मुद्दल घेऊन निघतो. कोण जिंकतं हे अजून ठरलेलं नाही. (सरासरी माणूस हाही थोडा कल्पनेचाच. एकच शेअर दिवसात दहादा हात बदलला तर दहादा मोजला जातो. एक्स्चेंज रोज डिलिव्हरीची टक्केवारी देतं. ती फार कमी असेल तर रेघेवरचा विश्वासही त्या मानाने कमी ठेवावा.)

स्पर्श कशाला म्हणायचं? 14 दिवसांच्या एटीआरच्या, म्हणजे रोजच्या सरासरी चढउताराच्या, निम्म्याइतकं अंतर पुरे. या शेअरचा एटीआर 11 धरला, तर रेघेच्या वर किंवा खाली साडेपाच रुपयांत आलेला लो म्हणजे स्पर्श. 445 त्यात बसतो.

रेघेवरच ऑर्डर लावायची की थांबायचं

रेघ 447.80 ला आहे, तर 448 ची लिमिट ऑर्डर लावून ठेवावी असं सगळ्यांनाच वाटतं. स्टॉप 442 धरला तर जोखीम फक्त सहा रुपये, हिशेब फार गोड दिसतो. अडचण एवढीच की भाव रेघेला टेकून उसळणार असेल तरी ऑर्डर भरते आणि रेघ फोडून 425 ला जाणार असेल तरीही भरते. नंतरच्या प्रकारात तर नक्कीच भरते. चांगले सौदे काही वेळा एक-दोन रुपयांनी हुकतात, वाईट एकही हुकत नाही.

म्हणून स्पर्शाच्या दिवसाच्या हायच्या वर खरेदी. चौदाव्या दिवसाचा हाय 454. पंधराव्या दिवसासाठी 454.50 ला ट्रिगर आणि 456 ला लिमिट अशी जीटीटी ऑर्डर, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत ब्रोकरकडे पडून राहणारी ऑर्डर, संध्याकाळीच लावायची. सकाळी शेअर 462 ला उघडला तर ऑर्डर भरणार नाही, आणि ते बरंच आहे. त्या भावात सौदा बसत नाही. पंधराव्या दिवशी भाव 457 पर्यंत गेला आणि 456 ला बंद झाला: खरेदी 454.50 ला झाली. सहा-साडेसहा रुपये जास्त मोजले. ती या खात्रीची किंमत आहे की निदान एका दिवशी तरी घेणारे विकणाऱ्यांपेक्षा वरचढ ठरले. स्पर्शानंतर तीन दिवसांत ट्रिगर लागला नाही तर ऑर्डर काढून टाका. रेघेला चिकटून लोळत राहिलेला भाव बहुधा खालीच घसरतो.

स्टॉप चौदाव्या दिवसाच्या लोखाली, एटीआरच्या पाव भागाइतका: 445 वजा पावणेतीन, गोळाबेरीज 442. शेअरमागे जोखीम साडेबारा रुपये. वर 476 चं शिखर साडेएकवीस रुपयांवर, म्हणजे जोखमीच्या 1.7 पट. हे प्रमाण दीडपटीखाली आलं तर सौदा सोडा. रेघ कितीही सुंदर टेकलेली असो.

खातं 3 लाखांचं आणि एका सौद्यात 1 टक्का म्हणजे 3000 रुपये घालवायची तयारी, तर 3000 भागिले 12.50 म्हणजे 240 शेअर. पण त्याला 1,09,080 रुपये लागतील, खात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. एखाद्या सकाळी शेअर दहा टक्के खाली उघडला, तर स्टॉप 442 ला असून उपयोग नाही. म्हणून दुसरी मर्यादा: एका शेअरमध्ये खात्याच्या पाव भागापेक्षा जास्त नाही. 75,000 भागिले 454.50, म्हणजे 165 शेअर. स्टॉप लागला तर तोटा 2,062 रुपये. त्यावर दोन्ही बाजूंचा 0.1 टक्के एसटीटी, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास, शिवाय स्टँप, जीएसटी, डीपीचा आकार. छोट्या सौद्यांत हे आकार अंगावर येतात, आधीच धरून ठेवा.

स्टॉपची जीटीटी लावताना ट्रिगर आणि लिमिट यांत जागा सोडा. ट्रिगर 442 आणि लिमिटही 442 ठेवली तर भाव 440 ला उघडल्यावर ऑर्डर लागेल पण भरणार नाही, आणि तुम्ही शेअर घेऊन बसाल. लिमिट 430 च्या आसपास ठेवा. दुसरी गोष्ट, डीमॅट खात्यात डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढायची ब्रोकरला कायमची परवानगी, दिलेलं नसेल तर विक्रीला टीपिनची मंजुरी लागते. तुम्ही खानापूरला लग्नात, मोबाईलला रेंज नाही, आणि ऐन वेळी जीटीटी नाकारली गेली असं होऊ शकतं. ब्रोकरकडे डीडीपीआय एकदाच करून टाका.

नंतर काय

476 ला निम्मे शेअर विका. उरलेल्यांसाठी 476 च्या वर क्लोज मिळाला, की 445 हा नवा पक्का स्विंग लो झाला. त्याच्यावर दुसरी रेघ काढा. पहिली तशीच राहू द्या. भाव नव्या रेघेखाली बंद झाला तर उरलेलं विका. दोन रेघांच्या मधे "बघू काय होतंय" म्हणत बसू नका. त्याआधीच डेली क्लोज पहिल्या रेघेखाली आणि 445 च्याही खाली मिळाला, तर स्टॉपची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडा.

त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा खरेदी करण्याचा मोह होतो. पहिला स्पर्श चांगला, दुसरा चालेल, तिसऱ्याला हात लावू नका. कारण हिशेबातच आहे. पंधराव्या दिवशी साडेपाच लाखांची उलाढाल झाली आणि रेघ 447.80 वरून 448.18 वर गेली, फक्त 38 पैसे. तिसऱ्या दिवशी 9 लाखांनी तिला साडेसहा रुपये उचललं होतं. एकूण व्हॉल्यूम साठत जातो तशी रेघ जड होते, तिला नव्या घेणाऱ्यांची खबर उशिरा लागते. शिवाय दर स्पर्शाला तिथे घ्यायला तयार असणारे थोडे संपतात.

रेघ फसवते असे काही दिवस आधीच ओळखता येतात. मोठी बल्क डील झाली, तर एका दिवसाचा व्हॉल्यूम इतर वीस दिवसांना भारी पडतो आणि रेघ त्या एका भावाला जाऊन चिकटते. कंपनीच्या 0.5 टक्क्यांहून जास्त शेअरचा सौदा एकाच क्लायंटने केला, की एक्स्चेंज त्या संध्याकाळी त्याची यादी देतं, ती बघावी. तसा दिवस अँकरनंतर आला असेल तर रेघेला बाजूला ठेवून तळ-शिखरांवरच निर्णय घ्या. निकालांचंही तेच: तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत निकाल लागतात, मार्चच्या निकालाला 60 दिवस मिळतात. पुलबॅक रेघेवर आला आणि चार दिवसांवर बोर्ड मीटिंग असेल, तर निकाल लागू द्या. निकालाच्या सकाळी गॅप पडतो तेव्हा रेघ, स्टॉप, ट्रिगर, सगळंच वरून उडून जातं.

निफ्टीवर हे करू पाहणाऱ्यांसाठी: इंडेक्सचा स्वतःचा सौदा होत नाही, त्यामुळे तिथला व्हॉल्यूम उसना असतो. फ्युचर्सचा सलग चार्ट वापरला तर दर महिन्याच्या रोलओव्हरला भाव उडी मारतो. शेअरवरच राहा.

सुट्ट्यांची यादी मुंबईची असते हे इथल्या लोकांनी लक्षात ठेवायचं. 1 मेला महाराष्ट्र दिनामुळे एक्स्चेंज बंद. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आपल्याकडे, पण कामाचा वार असेल तर बाजार चालू. त्या दिवशी घरी आहात म्हणून ट्रिगर चढवू-उतरवू नका. आदल्या संध्याकाळी ठरलेला आकडाच चालू द्या.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र अँकर सरकवण्यानेच होतं. भाव रेघ फोडून खाली बंद झाला, की माणूस अँकर दोन कँडल मागे नेतो, मग आधीच्या तळावर नेतो, आणि एखादी तरी रेघ भावाखाली येतेच. यावर उपाय एकच: शेअरचं नाव, अँकरची तारीख, त्या दिवसाचा लो आणि तळ पक्का झाल्याची तारीख हे चार रकाने वहीत लिहून मगच रेघ काढायची. नवा अँकर हवा असेल तर वहीत नवी ओळ, आणि ती फक्त नवं शिखर ओलांडल्यावर.